‘आदिजीवाणू’ की ‘आर्किया’?

“परीक्षेत ‘पटलातील मेद, पेशीभित्तिका आणि रायबोसोम या मुद्द्यांवर आर्किया, जीवाणू व दृश्यकेंद्रकी यांची तुलना करा’ असा प्रश्न हमखास येतो. माझ्या जुन्या टिपणांत ‘आदिजीवाणू’ आहे, नव्या पुस्तकात ‘आर्किया’. दोन्ही चालतं का? आणि एकवचनात काय म्हणायचं?”

‘आर्किया’ लिहा. ‘आदिजीवाणू’ला कुणी गुण कापेलच असं नाही, पण तो शब्द नेमका या प्रश्नात तुम्हाला चुकीच्या वाटेला लावतो.

१९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करताना पाहिलं की मिथेन तयार करणारे काही सूक्ष्मजीव बाकीच्या जीवाणूंपासून फारच दूरचे आहेत. त्यांना त्यांनी ‘आर्किबॅक्टेरिया’ म्हटलं. ग्रीक ‘आर्खाइओस’ म्हणजे प्राचीन, म्हणून मराठीत ‘आदिजीवाणू’. इथवर ठीक होतं. १९९० मध्ये वूज, ऑटो कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी सजीवांची तीन डोमेन मांडली, तेव्हा नावातला ‘बॅक्टेरिया’ त्यांनी मुद्दाम काढून टाकला. हे जीवाणूंचे पूर्वज नाहीत आणि जीवाणूंचा एखादा प्रकारही नाहीत, हे नावातूनच कळावं म्हणून. मराठी शब्दाच्या शेवटचा ‘जीवाणू’ मात्र होता तिथेच राहिला.

दुसरी गोची ‘आदि’ची. ‘प्रोकॅरिओट’ला आपण ‘आदिकेंद्रकी’ म्हणतो. तिथला ‘आदि’ वेगळ्या ग्रीक शब्दाचा, इथला वेगळ्याचा, पण मराठीत दोन्ही एकाच साच्यात बसले. मग उत्तरपत्रिकेत असं वाक्य सापडतं: “आदिजीवाणू हे आदिकेंद्रकी असल्याने त्यांची भित्तिका पेप्टिडोग्लायकनची असते.” वाक्य ऐकायला अगदी तर्कशुद्ध, आणि साफ चूक. ‘आदिकेंद्रकी’ म्हणजे केंद्रकाभोवती पटल नाही, एवढंच. भिंत कशाची, पटल कशाचं, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

आता तुलना. एक जीव समोर ठेवू, म्हणजे मुद्दे हवेत राहणार नाहीत: मिथॅनोथर्मोबॅक्टर. साधारण ६५ अंश सेल्सिअसला मजेत वाढणारा, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करणारा. नावात ‘बॅक्टर’ आहे, पण आहे आर्किया. हॅलोबॅक्टेरियमचंही तसंच. नावावर जाऊ नका, हे इथे अक्षरशः खरं आहे.

याच्या पेशीला ग्राम रंजन केलं तर ती जांभळी, म्हणजे ग्राम-धन दिसते. विद्यार्थी लगेच म्हणतो, जाड पेप्टिडोग्लायकन असणार. पण लायसोझाइम टाका, काही होत नाही. पेनिसिलिन टाका, तरी वाढ चालूच. कारण भिंत आहे स्यूडोम्युरीनची. ‘म्युरीन’ हे पेप्टिडोग्लायकनचंच दुसरं नाव, लॅटिन ‘मुरुस’ म्हणजे भिंत यावरून आलेलं, आणि ‘स्यूडो’ म्हणजे खोटं. म्हणून मराठीत कुणी ‘छद्मम्युरीन’ लिहिलं तर मला आवडेल. भिंतीसारखंच दिसणारं, पण विटा निराळ्या.

विटा कुठे निराळ्या, ते नीट पाहा, कारण पूर्ण गुण इथेच आहेत. जीवाणूच्या भिंतीत दोन शर्करा आलटून पालटून येतात: एन-ॲसिटिलग्लुकोसअमाइन आणि एन-ॲसिटिलम्युरॅमिक आम्ल. त्यांना जोडणारा बंध बीटा-१,४. स्यूडोम्युरीनमध्ये म्युरॅमिक आम्लाच्या जागी एन-ॲसिटिलटॅलोसअमिन्युरोनिक आम्ल येतं आणि बंध बीटा-१,३ होतो. अश्रूंत आणि लाळेत असणारं लायसोझाइम हे विकर १,४ बंधच कापतं, त्यामुळे त्याला इथे धरायला जागाच सापडत नाही. पेनिसिलिनची गोष्टही अशीच. जीवाणूंच्या भिंतीतल्या लहान पेप्टाइड साखळ्यांत डी-रूपातली अमिनो आम्लं असतात आणि त्या साखळ्या एकमेकींत गुंफणाऱ्या विकराला पेनिसिलिन अडवतं. स्यूडोम्युरीनमध्ये सगळी अमिनो आम्लं एल-रूपातली, गुंफणारी यंत्रणाही वेगळी. जे लक्ष्यच नाही त्यावर औषध काय करणार?

फक्त ‘आर्कियाची भित्तिका स्यूडोम्युरीनची असते’ असं सरसकट लिहू नका. ही भिंत मिथेन करणाऱ्यांच्या काही मोजक्या गटांतच आहे. बहुतेक आर्कियांत प्रथिनांची किंवा ग्लायकोप्रथिनांची, स्फटिकासारखी नीट रचलेली जाळी असते, तिला एस-थर म्हणतात. थर्मोप्लाझ्माला तर भिंतच नाही. दृश्यकेंद्रकींचं थोडक्यात उरकायला हरकत नाही: वनस्पतींत सेल्युलोज, कवकांत कायटिन, प्राण्यांत भिंत नाही, आणि पेप्टिडोग्लायकन कुठेच नाही. म्हणजे या मुद्द्यावर वेगळा पडतो तो जीवाणू. पेप्टिडोग्लायकन ही एकट्या जीवाणूंची खूण, आणि तिथेही मायकोप्लाझ्मासारखे अपवाद आहेत.

पटलातील मेदावर येताच चित्र उलटतं. इथे आर्किया एकटे एका बाजूला आणि जीवाणू व दृश्यकेंद्रकी दोघे मिळून दुसऱ्या बाजूला. या दोघांत ग्लिसरॉलला सरळ साखळीची मेदाम्लं एस्टर बंधाने जोडलेली असतात. आर्कियांत मेदाम्लं नाहीतच. त्यांच्याऐवजी फायटॅनिल नावाची २० कार्बनची साखळी असते, मुख्य दोरा १६ कार्बनचा आणि दर चौथ्या कार्बनाला एक मिथिल गट फुटलेला. ती ग्लिसरॉलला ईथर बंधाने जोडलेली असते.

‘एस्टर’ आणि ‘ईथर’ हे शब्द कानाला इतके जवळचे की घाईत अदलाबदल होते. लक्षात ठेवायची खूण प्रयोगशाळेतली घ्या. जीवाणूचे मेद अल्कलीबरोबर तापवले की एस्टर बंध तुटतात, मेदाम्लं सुटतात आणि साबण होतो. आर्कियाचे मेद तसेच तापवा, ग्लिसरॉलला लागलेल्या शेपट्या सुटत नाहीत. ज्याचा साबण होतो तो एस्टर.

मिथॅनोथर्मोबॅक्टरमध्ये आणखी एक गंमत आहे. त्याच्याकडे दोन शेपट्यांचं आर्किऑल आहेच. शिवाय समोरासमोरच्या दोन रेणूंच्या शेपट्या टोकाला टोक जोडून ४० कार्बनच्या सलग साखळ्या होतात, दोन्ही टोकांना एकेक ग्लिसरॉल. हे कॅल्डार्किऑल. असा एकच रेणू पटलाच्या आरपार जातो, म्हणून तिथे मेदाचा दुहेरी थर न राहता एकेरी थर होतो. उष्णतेत दोन पदर एकमेकांपासून सुटण्याची भीतीच उरत नाही.

यावरून बरेच जण लिहितात, ‘उष्ण ठिकाणी राहता यावं म्हणून ईथर बंध’. हे अपुरं आहे. थंड समुद्रात राहणाऱ्या आर्कियांचे मेदही ईथर बंधाचेच असतात. उलट बाजूने, एक्विफेक्स, थर्मोटोगा अशा काही जीवाणूंत ईथर बंध सापडतात, आणि आपल्या स्वतःच्या पेशींतल्या प्लाझ्मॅलोजेन या मेदातही एक ईथर जोड असते. मग नक्की ओळखायचं कशावरून? ग्लिसरॉलच्या बाजूवरून. आर्कियांत फॉस्फेट लागतो तो ग्लिसरॉल-१-फॉस्फेट, बाकी दोघांत ग्लिसरॉल-३-फॉस्फेट. दोन्ही एकाच कच्च्या मालापासून, डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेटपासून बनतात, पण दोन वेगळी विकरं त्यांना आरशातल्या प्रतिमेसारखं उलटसुलट घडवतात. डाव्या आणि उजव्या हाताच्या मोज्यांसारखं: कापड एकच, पण एकाचा मोजा दुसऱ्याच्या हाती नीट बसत नाही. उत्तरात ईथर बंध लिहाच, पण हे एक वाक्य जोडलंत तर तपासणाऱ्याला कळेल की पाठांतरापलीकडे काही आहे.

राहिला रायबोसोम, आणि खरा सापळा इथे आहे. आर्कियाचा रायबोसोम ७०एस, जीवाणूचा ७०एस, दृश्यकेंद्रकीच्या पेशीद्रवातला ८०एस. एवढं लिहून थांबलं की आर्किया जीवाणूंच्या पंगतीत जाऊन बसतात. पण ‘एस’ म्हणजे स्वेडबर्ग, अपकेंद्री यंत्रात कण किती वेगाने खाली बसतो त्याचं माप. ते वजनही नाही आणि नात्याचं प्रमाणपत्रही नाही. (म्हणूनच रायबोसोमचे ३०एस आणि ५०एस हे दोन उपघटक मिळून ८० न होता ७० होतात. बेरीज चुकली असं वाटून कुणी खाडाखोड करू नये.)

आकार बाजूला ठेवून काम पाहा. जीवाणूंत प्रथिनाची सुरुवात फॉर्मिल-मिथिओनिनने होते, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी यांत साध्या मिथिओनिनने. आर्कियांच्या रायबोसोममधली पुष्कळ प्रथिनं दृश्यकेंद्रकींत सापडतात आणि जीवाणूंत नाहीत. सगळ्यांत बोलकी आहे घटसर्पाच्या विषाची चाचणी. प्रथिनाची साखळी तयार होताना रायबोसोमला पुढे सरकवणाऱ्या ईएफ-२ या घटकात डिफ्थॅमाइड नावाचं एक बदललेलं अमिनो आम्ल असतं, आणि हे विष नेमकं त्यालाच पकडून घटक निकामी करतं. डिफ्थॅमाइड दृश्यकेंद्रकींत असतं, आर्कियांतही असतं, जीवाणूंच्या तशाच घटकात मात्र नसतं. स्ट्रेप्टोमायसिनचं उलट: ते जीवाणूंच्या रायबोसोमला नडतं, आर्कियांचे रायबोसोम त्याला दाद देत नाहीत. म्हणजे आपला मिथॅनोथर्मोबॅक्टर मापाने जीवाणूसारखा आणि चालीने आपल्यासारखा.

‘पेशीद्रवातला’ हा शब्द मी वर मुद्दाम घातला आहे. दृश्यकेंद्रकींच्या तंतुकणिकांत आणि हरितलवकांत स्वतःचे रायबोसोम असतात आणि ते जीवाणूंच्या वळणाचे. नुसतं ‘दृश्यकेंद्रकींत ८०एस’ लिहिलं की काटेकोर परीक्षक तिथे प्रश्नचिन्ह काढतो.

उत्तर तीन स्तंभांच्या तक्त्यात मांडणार असाल तर आर्कियाचा स्तंभ मधे घ्या. मेदाच्या ओळीत मधला स्तंभ दोन्ही शेजाऱ्यांपासून वेगळा दिसेल, भित्तिकेच्या ओळीत पेप्टिडोग्लायकन फक्त जीवाणूंच्या घरात पडेल, आणि रायबोसोमच्या ओळीत मधल्या घरात दोन वाक्यं लागतील, एक मापाचं आणि एक चालीचं. त्या घरात एकच वाक्य असेल तर काहीतरी राहिलं आहे.

एकवचनाचं म्हणाल तर मूळ भाषेत ‘आर्किया’ अनेकवचन, एकवचन ‘आर्किऑन’. पण ‘बॅक्टेरिया’च्या बाबतीत मराठीने हा नियम कधीच सोडून दिला: एक बॅक्टेरिया, चार बॅक्टेरिया. ‘आर्किया’ही त्याच वळणाने पुल्लिंगी चालवावा: तो आर्किया, ते आर्किया, आर्कियाचा मेद, आर्कियांचे मेद. ‘आर्किऑन’ चूक नाही, पण त्याच उत्तरात ‘एक बॅक्टेरिया’ लिहून शेजारी ‘एक आर्किऑन’ लिहिणं जरा विजोड दिसतं.