तेरा महिने थांबून पेन्शन पदरात पाडावी का?

प्रश्न : मी ३७ वर्षांची आहे, पिंपरीतल्या एका खासगी कंपनीत २०१७ पासून. एकूण नोकरी ८ वर्षं ९ महिने. आता नोकरी सोडून भावजयीबरोबर कपड्यांचं दुकान टाकायचंय. ऑफिसमधले म्हणतात, १० वर्षं पूर्ण कर, नाहीतर पेन्शन बुडेल. मिस्टर म्हणतात, पेन्शनचे पैसे काढून दुकानात घाल. बाळंतपणानंतर मी चार महिने बिनपगारी रजेवर होते. काय करू?

उत्तर : आधी पीएफचं पासबुक उघडा आणि पेन्शनच्या रकान्यात दरमहा रक्कम जमा झालेली दिसते का, ते पाहा. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्यांचा पगार (बेसिक अधिक डीए) सुरुवातीलाच १५ हजारांच्या वर असेल, तर ते पेन्शन योजनेत धरलेच जात नाहीत. रुजू होताना तुमचा बेसिक त्याच्या आत असेल, तर नंतर पगार वाढला तरी सदस्यत्व टिकतं, फक्त हिशेब १५ हजारांवरच होतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये तिकडे जातात.

पीएफ आणि पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएफमधला तुमचा वाटा, मालकाचा उरलेला वाटा आणि त्यावरचं व्याज, हे सगळं तुमचंच आहे. नोकरी कधीही सोडली तरी त्यातला रुपया बुडत नाही. पेन्शनच्या बाजूला मात्र तुमच्या नावावर व्याज वाढत राहणारी शिल्लक नसते, तिथे मोजली जातात ती सेवेची वर्षं. नोकरी बदलून खातं ट्रान्सफर केलं की नव्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य दिसतो आणि लोक घाबरतात, त्याचं कारण हेच. पैसे गेलेले नसतात, सेवेचा कालावधी पुढे गेलेला असतो.

आता तुमची वर्षं मोजू. पगारी प्रसूती रजा सेवेत धरली जाते, बिनपगारी चार महिने वजा होतात. म्हणजे तुमची सेवा ८ वर्षं ५ महिने. सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ९ वर्षं ६ महिने झाले की दहा पुरी मानली जातात. तुम्हाला त्यासाठी अजून १३ महिने लागतील. ऑफिसमधले रजा न वजा करता मोजत असतील, तर त्यांच्या हिशेबाने राजीनामा दिल्यास तुम्ही चार महिन्यांनी हुकाल.

या १३ महिन्यांचं मोल किती? पगार गुणिले सेवा भागिले ७०, हे सूत्र. १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे ५८व्या वर्षापासून दरमहा साधारण २,१४३ रुपये. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण ५८च्या अलीकडच्या दर वर्षामागे ४ टक्के कापून. आणि महागाईबरोबर ही रक्कम वाढत नाही.

आज सोडलं तर फॉर्म १०-सी भरून सेवेच्या तक्त्याप्रमाणे एकरकमी सव्वा लाखाच्या आसपास मिळतील. पण ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या रकमेसाठी थांबण्याचा काळ नोकरी सुटल्यापासून दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला आहे. तेव्हा मिस्टरांना सांगा, दुकानाच्या भांडवलात हे पैसे धरू नका. समजा तीन वर्षांनी, चाळिशीत हातात आले आणि ७ टक्क्यांनी १८ वर्षं ठेवले, तर सव्वा चार लाखांच्या जवळ जातात. त्याच दराने त्यांचं महिन्याचं व्याज २,४०० रुपयांच्या वर येतं, आणि मुद्दल शाबूत.

म्हणून माझं स्पष्ट मत : केवळ पेन्शनसाठी १३ महिने थांबू नका. दुकानाची जागा ठरली असेल, भावजय तयार असेल, तर निघा. अपवाद एकच. घरात तुमच्याशिवाय कमावणारं कोणी नसेल, तर दहा वर्षं भरल्याला वजन आहे. त्यानंतर नोकरी सोडली आणि ५८ च्या आत तुमचं काही बरंवाईट झालं, तरी मिस्टरांना पेन्शन आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांपर्यंत त्याचा काही भाग मिळतो.

दुकान नाही चाललं आणि चार वर्षांत पुन्हा नोकरी धरावी लागली, तर? ही शक्यता मनात असेल तर रक्कम काढू नका, त्याच फॉर्म १०-सीवर स्कीम सर्टिफिकेट मागा. पुढच्या नोकरीत ते दाखवलं की जुनी आठ वर्षं धरली जातात, पैसे काढले तर मोजणी शून्यापासून. पण नोकरी करायचीच नाही हे पक्कं असेल, तर सर्टिफिकेट ५८ पर्यंत ठेवण्यात अर्थ नाही. दहा वर्षांच्या आत असल्याने शेवटी तीच एकरकमी मिळेल, शेवटच्या पगारावर मोजलेली, मधल्या वर्षांच्या व्याजाशिवाय.

पीएफला हात लावू नका. तिथे व्याज चालू राहतं, नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर मात्र लागतो. आणि राजीनाम्याआधी बिनपगारी दिवसांची नोंद, आणि नोकरी सुटल्यावर लगेच ती सोडल्याची तारीख एचआरकडून पोर्टलवर बरोबर चढली का, ते स्वतः पाहून घ्या. ती तारीख चुकली की क्लेम परत येतो, आणि कंपनी सोडून बराच काळ गेल्यावर एचआरच्या मागे लागून ती दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं असतं.