तरंगत्या पर्णचकत्या: एका तासिकेचे नियोजन

माध्यमिक वर्गासाठी पानाच्या तरंगत्या चकत्यांचा प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग एका तासिकेत कसा बसवावा आणि कोणता घटक बदलावा?

दिव्याचे अंतर हा एकच घटक बदलावा. 100 मिली पाण्यात 0.2 ग्रॅम खाण्याचा सोडा आणि द्रवसाबणाचा एक थेंब मिसळावा. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो, तर साबणामुळे द्रावण पानात सहज शिरते. प्रत्येक पेल्यासाठी पालकाच्या 10 चकत्या जाड शिरा टाळून कापाव्यात, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये द्रावणासह घेऊन आतली हवा बाहेर काढावी, मग टोक बोटाने बंद करून दट्ट्या 10 सेकंद मागे ओढून धरावा व सोडावा. प्रयोग बहुधा येथेच बिघडतो, म्हणून सर्व चकत्या तळाशी बसेपर्यंत ही कृती पुन्हा करावी.

मग चकत्या द्रावणासह पेल्यांत ओताव्यात; प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेला ऑक्सिजन पानात साठला की त्या वर येतात. एक पेला दिव्यापासून 15 सेंमीवर आणि दुसरा 30 सेंमीवर ठेवून दर मिनिटाला तरंगणाऱ्या चकत्या मोजाव्यात. सातव्या मिनिटाला 4 आणि आठव्या मिनिटाला 6 चकत्या वर असतील, तर निम्म्या तरंगण्याचा काळ सुमारे साडेसात मिनिटे धरावा. सोडा नसलेला तिसरा पेला तुलनेसाठी जवळच्या अंतरावर अवश्य ठेवावा. दिवा एलईडीचा असावा, अन्यथा प्रकाशाबरोबर तापमानही बदलते. शेवटी पेला अंधारात ठेवल्यास श्वसनात ऑक्सिजन खर्च होऊन चकत्या हळूहळू पुन्हा बुडतात. त्यावरून मोजलेला वेग निव्वळ, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून श्वसन वजा जाता उरलेला होता हे विद्यार्थ्यांना उमगते.