फॉर्म्युला शीटवरचे नेमके कोणते सूत्र लावायचे?

प्रश्न : इंजिनीअरिंग मेकॅनिक्सच्या फॉर्म्युला शीटवर ढीगभर सूत्रे आहेत. कायनेटिक्सचे गणित वाचले, की कोणते लावायचे तेच कळत नाही. कसे ठरवावे?

नांदेडला मी प्रथम वर्षाला हा विषय शिकवतो. माझ्या अनुभवात गोंधळ होतो तो विद्यार्थी सूत्र आधी शोधतात म्हणून. खरे तर गणितात काय दिले आहे आणि काय विचारले आहे, हे आधी पाहावे. बल किंवा त्वरण विचारले असेल तर ΣF = ma, बल आणि अंतर दिले असून वेग हवा असेल तर कार्य-ऊर्जेचे सूत्र, आणि वेळेचा उल्लेख असेल किंवा टक्कर असेल तर आवेग-संवेगाचे सूत्र लावावे.

मोंढ्यातले उदाहरण घ्या. सोयाबीनचा ५० किलोचा कट्टा ३०° तिरप्या, ३ मीटर लांब फळीवरून स्थिर अवस्थेतून सोडला आणि गतिज घर्षण गुणांक ०.३ आहे. खाली पोचताना वेग किती? अंतर दिले आहे, वेळ नाही; म्हणून कार्य-ऊर्जा. उतारावरचा वजनाचा घटक २४५ न्यूटन आणि घर्षण ०.३ × ४२५ म्हणजे सुमारे १२७ न्यूटन, त्यामुळे निव्वळ बल ११८ न्यूटन होते. त्याला ३ मीटरने गुणले, की कार्य ३५४ ज्यूल येते आणि ते ½mv² शी जुळवले, की वेग ३.७६ मीटर प्रति सेकंद मिळतो. इथे ΣF = ma ने त्वरण काढूनही हेच उत्तर येते, फक्त एक पायरी वाढते.

आता हा कट्टा फळीच्या टोकाला उभ्या असलेल्या, सहज फिरणाऱ्या चाकांच्या १५० किलोच्या गाडीवर पडून तिथेच थांबला, तर गाडी किती वेगाने सुटेल? बहुतेक मुले इथेच फसतात, कारण ती मघाचेच समीकरण पुढे ओढतात आणि ३५४ ज्यूल २०० किलोंना देऊन १.८८ मीटर प्रति सेकंद असे उत्तर लिहितात. आदळताना कट्टा दबतो आणि त्यात बरीच ऊर्जा खर्च होते, म्हणून तेवढ्या क्षणापुरते ऊर्जेचे समीकरण सोडून संवेग धरावा लागतो, आणि तोही फक्त आडव्या दिशेचा, कारण उभ्या दिशेने जमीन गाडीला आधार देते. तेव्हा ५० × ३.७६ × cos 30° = 200v मांडावे; v सुमारे ०.८१ येतो.

उत्तर पडताळून पाहायचे असेल, तर टकरीआधीचा आडवा संवेग १६३ होता हे लक्षात ठेवा. १.८८ धरले तर नंतरचा संवेग ३७६ होतो, आणि एवढा वाढीव आवेग देणारे आडवे बल फ्री बॉडी डायग्राममध्ये कुठेच दिसत नाही.