केंद्रीय की अभिकेंद्री? केप्लरच्या दुसऱ्या नियमातलं बल

प्रश्न : परळला मी मराठी माध्यमातून आलेल्या अकरावीच्या मुलांची शिकवणी घेतो. केप्लरच्या दुसऱ्या नियमाच्या सिद्धतेत मुलं कधी ‘केंद्रीय बल’ लिहितात, कधी ‘अभिकेंद्री बल’. दोन्ही एकच ना? शिवाय ‘क्षेत्रीय वेग स्थिर’ आणि ‘ग्रहाचा वेग बदलतो’ ही वाक्यं एकाच उत्तरात लागोपाठ येतात. मुलं विचारतात, वेग नक्की स्थिर की बदलता?

उत्तर : एकच नाहीत, आणि या सिद्धतेत तर ‘अभिकेंद्री’ लिहिलं की सिद्धताच लंगडी पडते. दोन्ही शब्दांत ‘केंद्र’ आहे हे खरं, पण ती केंद्रं वेगळी आहेत.

अभिकेंद्री बल म्हणजे वस्तूला वळवणारं बल. वाटेचा जो तुकडा त्या क्षणी चालू आहे त्याच्या वक्रतेचं केंद्र ज्या बाजूला, त्या बाजूला ते असतं. म्हणून ते वेगाला कायम काटकोनात असतं. केम्प्स कॉर्नरचं वळण घेणाऱ्या बसवर टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण हेच काम करतं. पुढचं वळण उलट्या बाजूला आलं की केंद्रही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जातं. केंद्र असं भटकलं तरी बलाच्या नावाला बाध येत नाही.

केंद्रीय बलाची अट वेगळी आहे. अवकाशात एक बिंदू ठरलेला, आणि वस्तू कुठेही असो, बल त्या बिंदूला जोडणाऱ्या रेषेवरच. ते आत ओढतं की बाहेर ढकलतं, अंतराबरोबर कसं कमी-जास्त होतं, वेगाशी किती अंशांचा कोन करतं, यांपैकी कशाचीही अट नाही. (मुलं ‘सेंट्रल फोर्स’ आणि ‘सेंट्रिपेटल फोर्स’ म्हणतात तेव्हाही घोटाळा हाच असतो. मुंबईत ‘सेंट्रल’ म्हटलं की आधी मध्य रेल्वे डोळ्यांपुढे येते, तो भाग वेगळा.)

आता सिद्धता कोणत्या शब्दावर उभी आहे ते पाहू. नियम असा : सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. सूर्याला आरंभबिंदू मानून ग्रहाचा स्थानसदिश `r` घ्या. `Δt` एवढ्या छोट्या वेळात ग्रह `vΔt` इतका सरकतो. जुनी `r`, नवी `r` आणि हे सरकणं मिळून एक चिंचोळा त्रिकोण होतो. त्याचं क्षेत्रफळ काढताना सरकण्यातला फक्त `r` ला लंब असलेला भाग उपयोगी पडतो, कारण `r` च्याच दिशेने सरकल्याने त्रिकोण रुंदावत नाही. वेग आणि `r` यांच्यातला कोन `φ` असेल तर

`ΔA = ½ · r · (v sin φ) · Δt`

म्हणजे क्षेत्रफळ व्यापण्याचा दर `dA/dt = ½ r v sin φ`. दुसरीकडे कोनीय संवेगाची व्याख्या `L = r × mv`, म्हणून त्याचं मूल्य `m r v sin φ`. दोन्ही शेजारी ठेवली की

`dA/dt = L / 2m`

इथवर बलाचा संबंधच आलेला नाही. ही नुसती भूमिती आहे. कोणत्याही वस्तूला, कोणत्याही वाटेवर हे लागू पडतं. बल येतं ते पुढच्या पायरीला, `L` काळाबरोबर बदलतो का हे तपासताना:

`dL/dt = v × mv + r × F`

पहिल्या पदात दोन्ही सदिश एकाच दिशेचे, म्हणून सदिश गुणाकार शून्य. दुसरं पद म्हणजे टॉर्क. ते शून्य व्हायला `F` आणि `r` एकाच रेषेवर हवेत, आणि ‘केंद्रीय’ या शब्दाचा अर्थ नेमका तेवढाच आहे. म्हणून `L` अक्षय्य, म्हणून `dA/dt` स्थिर. ‘अभिकेंद्री’ शब्दातून `F` हा `v` ला लंब आहे एवढंच कळतं. तो `r` ला समांतर आहे हे कळत नाही, त्यामुळे `r × F` शून्य म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. मुलाने ‘अभिकेंद्री बल असल्यामुळे टॉर्क शून्य’ असं लिहिलं तर मी त्या ओळीचा गुण कापीन.

गोंधळ टिकून राहतो त्याचं कारण वर्तुळ. वर्तुळाकार कक्षेत वक्रतेचं केंद्र आणि बलाचं केंद्र एकाच जागी येतात, म्हणून तिथे कोणताही शब्द वापरा, चालून जातं. पृथ्वीची कक्षा वर्तुळाच्या इतकी जवळ आहे की तिच्या उदाहरणातही फरक दिसत नाही. शिकवताना हॅलेचा धूमकेतू घ्या. तिथे लपवाछपवीला जागा नाही.

त्याची कक्षा लांबट आहे : अर्धदीर्घ अक्ष `a` सुमारे 17.83 खगोलीय एकक, विकेंद्रता `e` सुमारे 0.967, त्यावरून अर्धलघु अक्ष `b` सुमारे 4.54. उपसूर्य बिंदूपाशी, जिथे तो 9 फेब्रुवारी 1986 ला होता, अंतर 0.586 एकक आणि वेग सेकंदाला साधारण 54.5 किलोमीटर. अपसूर्य बिंदूपाशी अंतर 35.1 एकक आणि वेग सेकंदाला जेमतेम 0.91 किलोमीटर. या दोन टोकांना वेग `r` ला काटकोनात असतो, `sin φ` ची किंमत 1. नुसता गुणाकार करून पाहा : 0.586 × 54.5 म्हणजे 31.9, आणि 35.1 × 0.91 म्हणजेही 31.9. अंतर साठपट वाढलं, वेग साठपट घटला.

इथेच मुलं फसतात. दोन टोकांना हिशेब जुळला की `rv` सगळीकडेच स्थिर असं समजून ती पुढे जातात. हसण्यासारखं काही नाही. खुद्द केप्लरनेही सुरुवातीला वेग सूर्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो असं धरलं होतं. आता लघुअक्षाच्या टोकाला या. लंबवर्तुळाच्या गुणधर्मामुळे तिथे सूर्यापासूनचं अंतर बरोबर `a` इतकं, म्हणजे 17.83 एकक, आणि वेग सेकंदाला 7.05 किलोमीटर. गुणाकार 125.7! अपेक्षेच्या जवळजवळ चौपट.

चुकलं कुठे? तिथे धूमकेतूचा वेग दीर्घअक्षाला समांतर असतो आणि `r` तिरपा. वेगाची रेषा वाढवली तर सूर्यापासून तिचं लंब अंतर `b` इतकं भरतं. म्हणून `sin φ = b/a`, साधारण 0.254. 125.7 ला त्याने गुणा, पुन्हा 31.9 च येतात. थोडक्यात, स्थिर राहतो तो `r v sin φ`.

याच बिंदूवर तुमचा पहिला प्रश्नही निकाली निघतो. `sin φ` 0.254 म्हणजे बलाची रेषा आणि वेगाची रेषा यांच्यात फक्त 15 अंशांच्या आसपास कोन. सूर्याचं सगळं ओढणं केंद्रीय आहे, पण त्यातलं वेगाला लंब, म्हणजे अभिकेंद्री काम करणारं, फक्त 25 टक्के. उरलेला घटक वेगाच्याच रेषेवर आहे आणि तो पूर्ण बलाच्या 97 टक्के भरतो (घटकांचे वर्ग मिळवायचे असतात, म्हणून बेरीज शंभर होत नाही). सूर्याकडे येताना हाच घटक धूमकेतूला वेग देतो आणि परत जाताना तो काढून घेतो. बल निव्वळ अभिकेंद्री असतं तर वेगाचं मूल्य बदललंच नसतं, कारण वेगाला काटकोनातलं बल कार्य करत नाही. म्हणजे ज्या उत्तरात ‘अभिकेंद्री’ शब्द आहे त्याच उत्तरात ‘ग्रह सूर्याजवळ वेगाने जातो’ लिहिणं हे स्वतःलाच खोडणं झालं.

‘वेग स्थिर की बदलता’ याला उत्तर सरळ आहे. क्षेत्रीय वेग हा चालण्याचा वेग नव्हे. तो क्षेत्रफळ भरण्याचा दर आहे आणि त्याचं एकक चौरस किलोमीटर प्रतिसेकंद. मुलांना एकक लिहायला लावा, अर्धी तक्रार तिथेच मिटते. कोनीय वेग हा आणखी तिसराच. `L` स्थिर असताना तो `r` च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे हॅलेच्या दोन टोकांमध्ये त्यात सुमारे 3600 पटींचा फरक पडतो. ‘कोनीय संवेग स्थिर’ च्या जागी घाईत ‘कोनीय वेग स्थिर’ लिहिणाऱ्यांना हा आकडा दाखवा.

क्षेत्रफळाचा नियम कामाला लावायचा तर लघुअक्षाने कक्षेचे दोन तुकडे करा. दोन्हींची लांबी सारखी. मग वेळही सारखाच लागत असेल? सूर्याकडच्या तुकड्यात व्यापलेलं क्षेत्रफळ म्हणजे अर्धं लंबवर्तुळ वजा एक त्रिकोण. त्याचा पाया `2b` आणि उंची `ae`, म्हणजे सूर्य ते कक्षेचा मध्य हे अंतर. आकड्यांत 127 वजा 78, म्हणजे 49 चौरस एकक. संपूर्ण लंबवर्तुळ 254. प्रमाण साधारण 19 टक्के. फेरी सुमारे 75 वर्षांची, तेव्हा जवळच्या अर्ध्या वाटेला साडेचौदा वर्षं आणि लांबच्या अर्ध्या वाटेला साठाहून जास्त. फळ्यावर पाच मिनिटांत होणारं गणित आहे, आणि ‘समान काळात समान क्षेत्रफळ’ पाठ म्हणण्यापेक्षा यातून नियम जास्त कळतो.

एक गोष्ट मात्र सिद्धतेकडून मागू नका. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे हे वर आपण कुठेच वापरलेलं नाही. स्प्रिंगसारखं, अंतराच्या प्रमाणात वाढणारं बल घेतलं तरी कक्षा लंबवर्तुळच येते आणि क्षेत्रफळाचा नियम तिथेही पाळला जातो. फक्त बलाचं केंद्र नाभीऐवजी लंबवर्तुळाच्या मध्यावर असतं. म्हणून क्षेत्रफळ कोणत्या बिंदूपासून मोजलं ते उत्तरात लिहायलाच हवं. हॅलेच्या कक्षेत रिकाम्या नाभीपासून मोजलंत तर नियम मोडतो, कारण त्या बिंदूभोवती सूर्याच्या ओढीचा टॉर्क शून्य नाही.

उलट दिशेनेही विधान खरं आहे : एखाद्या बिंदूभोवती क्षेत्रीय वेग स्थिर आढळला तर बल त्या बिंदूतूनच जाणारं असलं पाहिजे. न्यूटनने 1687 मध्ये दोन्ही बाजू सिद्ध केल्या. आणि स्थिर आढळला नाही, तर दुसरं काहीतरी ढकलतंय असं समजायचं. हॅलेच्या बाबतीत ग्रहांची ओढ आहेच, शिवाय सूर्याच्या उष्णतेने त्याच्या बर्फातून वायूचे झोत सुटतात आणि त्यांचा धक्का बरोबर सूर्याच्या रेषेत बसत नाही. ग्रहांच्या ओढीचा हिशेब चोख करूनही धूमकेतू दर फेरीला चारेक दिवस उशिरा येतो, तो या धक्क्यामुळे.