मैत्रिणीपेक्षा चौदा गुण जास्त, तरी पर्सेंटाइल कमी

“उत्तरतालिकेवरून मोजले तर मला १४२ गुण पडतात आणि मैत्रिणीला १२८. तरीही तिचे पर्सेंटाइल ९८ आणि माझे ९७. केवळ माझी शिफ्ट वेगळी होती म्हणून माझे गुण का कापले?”

निकालाच्या दिवसांत हा प्रश्न इतके विद्यार्थी घेऊन येतात की एका विद्यार्थिनीबरोबरच्या भेटींचा गाभा येथे मांडत आहे. तिची ओळख बदलली आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

पहिल्या भेटीत ती सतत “कापले” हाच शब्द वापरत होती. माणसाला त्रास होतो तो घटनेपेक्षा त्याने घटनेला दिलेल्या अर्थाचा, असे मी मानते, त्यामुळे सांत्वन न करता मी तिला विचारले, “९७ हा आकडा नेमका कशातून निघाला, हे तुला ठाऊक आहे का?” तिला ठाऊक नव्हते. जेईई मेन किंवा एमएचटी-सीईटी देणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते.

नियम साधा आहे. आपल्या शिफ्टमध्ये आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, ते मोजायचे, त्या संख्येला शिफ्टमध्ये परीक्षा दिलेल्या एकूण उमेदवारांच्या संख्येने भागायचे आणि १०० ने गुणायचे. तिच्या शिफ्टला ४०,००० जण बसले आणि त्यांपैकी ३८,८०० जणांना १४२ किंवा त्याहून कमी गुण असतील, तर पर्सेंटाइल ९७ येते. या हिशेबात मैत्रिणीच्या गुणांचा कोठेही संबंध येत नाही.

दुसऱ्या भेटीत मी तिच्यापुढे कागद ठेवला. “तुझ्या शिफ्टमध्ये १४२ च्या पुढे किती जण?”

“बाराशे.”

“मैत्रिणीच्या शिफ्टलाही ४०,००० जण धरू. तिथे १२८ च्या पुढे किती?”

तिने आकडेमोड केली. “आठशे.” मग बराच वेळ ती कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, म्हणजे तिचा पेपरच अवघड होता. मी तिच्या शिफ्टला असते, तर मला १४२ पडलेच नसते.”

मला हेच वाक्य तिच्या तोंडून हवे होते आणि ते मी सांगण्याआधी तिला सापडले, याचे समाधान मला आजही आहे. तिकडे ९७ पर्सेंटाइलला जे गुण असतील, समजा ११६, ते तिच्या १४२ च्या तोडीचे ठरतात. कापले काहीच गेले नव्हते. दोन वेगळ्या पेपरांचे गुण एकमेकांशेजारी ठेवण्याची आपली सवयच चुकीची होती.

त्यानंतर तिने जो प्रश्न विचारला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. “पण माझ्या शिफ्टला हुशार मुलेच जास्त आली असतील तर?”

या पद्धतीचा सारा न्याय याच गृहीतकावर उभा आहे. पेपर कमीअधिक अवघड निघाले तरी प्रत्येक शिफ्टमधील उमेदवारांची एकूण कुवत सारखीच असते, असे ही पद्धत मानते. उमेदवारांना शिफ्ट स्वतः निवडता येत नसेल, वाटप सरमिसळ असेल आणि संख्या मोठी असेल, तर हे मानणे रास्त ठरते. सर्व उमेदवारांपैकी वरचे ३ टक्के घेतले, तर ४०,००० जणांच्या शिफ्टमध्ये त्यांच्यापैकी सरासरी १,२०० जण येतात. योगायोगाने ही संख्या बहुतेक वेळा १,१३० ते १,२७० च्या दरम्यान राहते, म्हणजे पर्सेंटाइल फार तर ०.२ ने इकडेतिकडे होते. शिफ्ट ४०० जणांचीच असेल, तर असे सरासरी १२ जण येतात, पण ते ५ असू शकतात किंवा १९ही, आणि त्याच कुवतीच्या मुलीचे पर्सेंटाइल ९५ च्या थोडे वर किंवा ९९ च्या जवळ जाऊ शकते. म्हणून अन्यायाची शंका आली, तर मित्रांचे गुण विचारण्यापेक्षा आपल्या शिफ्टला किती जण बसले आणि वाटप कसे झाले, हे पाहावे. तिची शिफ्ट मोठी होती. ०.२ चा फरक तिच्या बाजूने धरला, तरी एका पर्सेंटाइलचे अंतर त्यातून भरून निघत नव्हते.

तरीही एक गोष्ट तिला लागून राहिली होती आणि ती खरी होती. तिच्या पेपरात, तिचा अभ्यास कच्चा राहिलेल्या प्रकरणांवर बरेच प्रश्न आले होते. पर्सेंटाइल संपूर्ण शिफ्टला जड गेलेला पेपर सावरून घेते. एकट्या उमेदवाराला जड गेलेली प्रकरणे ते सावरत नाही, कारण त्याच प्रश्नांवर शिफ्टमधल्या इतरांनी गुण मिळवलेले असतात. हे मी तिला स्पष्ट सांगितले. तिसऱ्या भेटीत आम्ही मैत्रिणीविषयी बोललो नाही. तिची उत्तरपत्रिका आणि ती प्रकरणे समोर घेऊन बसलो.