आधी मॅन्डेट रद्द करा, कार्डाचं नंतर बघू

प्रश्न: मी मनीषनगरला राहते, मिहानमध्ये नोकरी आहे, हातात ५२,००० येतात. घरभाडं आणि आईची औषधं सोडली तर मोठा खर्च नाही, तरी महिनाअखेर काही उरत नाही. रात्री झोपताना काहीतरी ऑर्डर केल्याशिवाय राहवत नाही. येत्या १ तारखेला शॉपिंगची सगळी अ‍ॅप काढून टाकायची आणि क्रेडिट कार्ड बंद करायचं ठरवलंय. बरोबर आहे का? तीन महिन्यांचं स्टेटमेंट पाठवते आहे.

उत्तर: ताई, अ‍ॅप खुशाल काढा, पण कार्ड एवढ्यात बंद करू नका. तुमचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातंय, व्याजाचा एक रुपया लागलेला नाही. पैसा गळतोय तो दुसरीकडून, आणि त्यातली एक गळती कार्ड बंद केलं तरी चालूच राहील.

ती म्हणजे वर्गण्या. खात्यातून दर महिन्याला ४९९, ३९९, २९९, १३० आणि ११९ रुपये यूपीआयने आपोआप जातात, एकूण १,४४६. त्यातलं २९९ चं ओटीटी आणि १३० ची फोटो साठवायची जागा एवढंच वापरात आहे, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. म्हणजे १,०१७ रुपये महिना, वर्षाला १२,२०४ फुकट. ३९९ चं व्यायामाचं अ‍ॅप तर तुम्ही फोनमधून कधीच काढून टाकलंय. अ‍ॅप काढल्याने वर्गणी थांबत नाही, कारण पैसे कापायची परवानगी, म्हणजे मॅन्डेट, तुमच्या बँकेकडे नोंदलेलं असतं. एकदा मंजुरी दिली की नेहमीच्या वर्गणीला १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन किंवा ओटीपी विचारला जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, पण जाहिरातींच्या ढिगाऱ्यात ती कोण वाचतो?

म्हणून येत्या रविवारी अर्धा तास काढा. आधी त्या सेवेच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा, मग यूपीआय अ‍ॅपमध्ये AutoPay उघडून तिचं मॅन्डेट रद्द करा. तिथे पिन लागेल. एसआयपी किंवा विम्याचा हप्ता याच यादीत दिसू शकतो, त्याला हात लावू नका. एकाहून जास्त यूपीआय अ‍ॅप असतील तर प्रत्येकात बघा. शिवाय प्ले स्टोअरमधलं Subscriptions पान उघडा. वर्षातून एकदाच कापली जाणारी वर्गणी तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये सापडेलच असं नाही, ती अशा याद्यांमध्ये सापडते.

यापुढे ‘१ रुपयात सात दिवस’ दिसलं की पिन टाकण्याआधी स्क्रीनवरची कमाल रक्कम वाचा. तिथे ४९९ लिहिलं असेल तर तुम्ही मंजुरी ४९९ ची देताय. घेतलंच तर त्याच दिवशी रद्द करा. काही सेवा लगेच बंद होतात, होऊ द्या.

आता खरेदी. तीन महिन्यांत ४१ ऑर्डरी, २८,४०० रुपये, आणि ४१ पैकी २७ रात्री दहानंतरच्या. म्हणून ‘ऑनलाइन काहीच घेणार नाही’ अशी शपथ मी तुम्हाला घालणार नाही. ती पहिल्याच सेलमध्ये मोडते, आणि मोडली की माणूस हिशोबच सोडून देतो. त्यापेक्षा एवढंच पाळा: रात्री दहानंतर पैसे द्यायचे नाहीत, आणि ५०० च्या वरच्या वस्तूला तीन दिवस थांबायचं. ३,००० च्या वर असेल तर पुढच्या पगारापर्यंत. औषधं आणि किराणा यातून वगळा.

थांबताना वस्तू कार्टमध्ये ठेवू नका, ‘शेवटचे दोन उरले’ असे मेसेज तिथूनच सुरू होतात. खोटी घाई दाखवणं हा प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरवलाय, तरी तो पूर्ण थांबलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच लिहा: वस्तू, किंमत, तारीख, आणि त्याच कामाचं घरात आधी काय आहे. तुमचा ५,४९९ चा एअर फ्रायर चारदाच वापरलाय ना? हा शेवटचा रकाना भरला असता तर ओव्हन आठवला असता. कपडा असेल तर त्या तीन दिवसांत बर्डीला जाऊन हात लावून बघा.

थांबल्यामुळे १,२९९ ची कुर्ती १,४४९ झाली, तर नुकसान १५० चं. पण अशा तीन कुर्त्यांपैकी एक जरी तुम्ही विसरून गेलात तरी १,२९९ वाचतात. नियम मोडतो तो बहुधा फुकट डिलिव्हरीपाशी: ४० रुपये वाचवायला दीडशेची वस्तू टाकली जाते. ते ४० रुपये देऊन टाका.

कार्डाचं म्हणाल तर शॉपिंगच्या साइटवर साठवलेलं कार्ड तेवढं काढा. रात्री उठून पर्समधून कार्ड आणायचं आणि १६ आकडे टाकायचे, तेवढ्या वेळात पुष्कळदा हात थांबतो. तीन महिन्यांनी पुन्हा स्टेटमेंट पाठवा. रात्री दहानंतरच्या ऑर्डरी तेव्हाही दहाच्या वर असतील, तर कार्ड बंद करा असं मीच सांगेन.