बॉर्डरलाइन रुग्णासोबत स्कीमा थेरपी: मोड आणि मर्यादित पुनर्पालकत्व

प्रश्न: मी प्रशिक्षणार्थी आहे. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णाचा मोड सत्रात कसा ओळखायचा? आणि मर्यादित पुनर्पालकत्वात नेमके किती जवळ जायचे?

उत्तर: मी जळगावात स्कीमा थेरपी करते, म्हणजे लहानपणापासून मनात रुजलेल्या त्रासदायक साच्यांवर काम करते. मोड म्हणजे त्या क्षणी रुग्णाचा ताबा घेतलेली मनाची अवस्था. माझ्या मते नवशिक्याची फसगत सर्वाधिक होते ती अलिप्त रक्षक या मोडमध्ये, म्हणजे दुखू नये म्हणून भावनाच बंद करणाऱ्या अवस्थेत, कारण तो शांत असतो आणि शांतपणा सुधारणेसारखा दिसतो. रागावलेले मूल किंवा शिक्षा करणारा पालक हे मोड लगेच लक्षात येतात. हा येत नाही.

एक उदाहरण देते, तपशील बदलून. तापीकाठच्या एका गावातून येणारी तरुणी सत्रात म्हणते, "सगळं बरं चाललंय", आणि आठवड्याचा हिशेब सपाट आवाजात देते. आपल्याला कंटाळा येऊ लागतो, तिच्याशी असलेला धागा सुटल्यासारखा वाटतो. हीच खूण समजावी. आदल्या रात्री तिने हातावर ब्लेड ओढले होते, हे मी थेट विचारल्यावरच कळले. आधी जखम आणि आत्महत्येचा धोका तपासला, मग मोडकडे वळले. मी तिला वेगळ्या खुर्चीवर बसून त्या रक्षकाच्या भूमिकेतून बोलायला सांगितले, त्याने तिला आजवर सांभाळले हे मान्य केले आणि तो बाजूला झाला तर काय होईल अशी भीती वाटते, असे विचारले. उत्तर आले, "मी रडले तर तुम्हीही म्हणाल, नाटकं करते." तिचे वडील हेच म्हणत. थोड्या वेळाने आवाज बारीक झाला आणि ती प्रमाण मराठी सोडून अहिराणीत बोलू लागली; एकटे पडलेले, भेदरलेले मूल समोर आले होते.

इथे मर्यादित पुनर्पालकत्व सुरू होते, म्हणजे लहानपणी न मिळालेला आधार थेरपिस्टने आपल्या मर्यादेत राहून देणे. त्या मुलाला तर्क नको असतो. "तू रडलीस तरी मी इथेच आहे" एवढे आधी पुरते. नंतर रिकाम्या खुर्चीवरच्या शिक्षा करणाऱ्या पालकाला मी तिच्या वतीने ठामपणे सांगितले की रडणाऱ्या लेकराला लाज वाटायला लावणे चूक आहे. खरे वडील वाईट आहेत असे मात्र मी म्हटले नाही, कारण बोलणे तिच्या आत बसलेल्या आवाजाशी होते.

मर्यादा नियमपुस्तिकेतून वाचून दाखवू नयेत, स्वतःच्या कारणासह सांगाव्यात: "रात्री दहानंतर मी फोन घेत नाही, मला विश्रांती लागते, तेव्हा टेलिमानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोल, सकाळी आपण बोलू." उसने पैसे देणे किंवा बाहेर भेटणे पुनर्पालकत्वात बसत नाही. २००९ च्या एका डच अभ्यासात कार्यालयीन वेळेबाहेर थेरपिस्टचा फोन उपलब्ध ठेवल्याने परिणामात वाढ आढळली नाही, म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

घाईही करू नका. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत ही थेरपी आठवड्यातून दोनदा, तीन वर्षे दिली होती. त्या खुर्चीवरच्या आवाजाला रुग्ण स्वतः उत्तर देऊ लागला, म्हणजे त्याचा निरोगी प्रौढ हा मोड बोलू लागला, की मग आपण मागे सरकावे.